दोन सिमचा फोन

पिरंगुटच्या एका कारखान्यात मी तेव्हा बाहेरून आलेला माल तपासायच्या खात्यात होतो. पुरवठादाराचा टेम्पो यायचा, सोबत प्रमाणपत्र यायचं, आणि प्रमाणपत्रावर सगळं अगदी चोख असायचं. कागदावर चुकलेला माल मी कधी पाहिलाच नाही. चूक असायची ती टेम्पोत. म्हणून कागद बाजूला ठेवायचा, माल हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा आणि मापात नाही बसला तर लाल चिठ्ठी बांधून परत पाठवायचा. हे काम करता करता माझा स्वभावच तसा झाला. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरचं औषध, घरमालकाचं वीजबिल, कशावरच माझा चटकन विश्वास बसत नसे. जवळच्या भरे गावात ज्या खोलीत मी भाड्याने राहायचो तिथला मालक मला तोंडावर म्हणायचा, "तुमी देवळात गेलात तरी मूर्ती वाजवून बघाल."

धाकट्या बहिणीला पुण्यात नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला तेव्हा घरच्यांनी फोनचं काम माझ्यावर सोपवलं ते याच कारणाने. आमचं घर ताम्हिणीच्या अलीकडे, घाटातल्या एका वाडीत. तोवर आमच्या घरातली कुणी मुलगी एकटी बाहेर राहिली नव्हती. आबांनी होकार दिला, पण एका अटीवर. रोज दिवस मावळताना ते पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहणार, कारण साऱ्या वाडीत फोनला रेंज तेवढ्याच एका जागी, आणि तीही सरकारी कंपनीचीच. तिथे तिने त्यांना फोन करायचा.

"दोन दिवस पोरीचा आवाज आला न्हाई, तर तिसऱ्या दिवशी मी पेटी उचलून तिला घरी आणीन," आबा म्हणाले. "मग कुणी मला कालेज शिकवायचं न्हाई."

आबा बोलले की बोलले. म्हणजे तिचं शिक्षण त्या फोनवर टांगलेलं होतं. त्यासाठी त्यांनी अडीच हजार रुपये माझ्या हातात ठेवले आणि वर एक रुपया मिळणार नाही हेही सांगून टाकलं.

हे २००९ सालातलं. फोनचा नुसता सुळसुळाट झाला होता. पौडच्या एसटी स्टँडाबाहेर तीन दुकानं, तिन्ही दुकानांत काचेमागे खोक्यांच्या उतरंडी, आणि खोक्यांवर एवढं लिहिलेलं की फोन घ्यायचा की वर्तमानपत्र ते कळू नये. मी ठरवलं, आधी गरज लिहायची, मग दुकानात पाऊल टाकायचं. एका रविवारी बहिणीला भऱ्याला बोलावलं, समोर बसवलं आणि वहीचं पान काढलं.

"कॅमेरा पायजे का?"

"न्हाई पायजे."

"गाणी?"

"रेडिओ असला तर बरा. नसला तरी चालंल."

ती विचार करून बोलत होती. वसतिगृहाच्या खोलीत आठ मुली आणि प्लग एकच, म्हणून चार्जिंग दोन-तीन दिवस पुरायला हवं. पहाटेच्या ड्युटीला गजर हवा. वॉर्डाबाहेर गोंगाट असतो, म्हणून आवाज खणखणीत हवा. हातातून पडला तर फुटता कामा नये. बिघडला तर दुरुस्तीचं अधिकृत केंद्र पुण्यात हवं. मी सगळं लिहून घेतलं, आणि मनातून खूश झालो, की पोरगी आपल्यावर गेली आहे.

मग ती म्हणाली, "आणि दोन सिमचा पायजे."

माझं पेन थांबलं. "दोन कशाला?"

"वसतिगृहात सरकारी सिमला रेंजच न्हाई, तितं खाजगीच चालतं. पन पुढं आमाला खेड्यातल्या उपकेंद्रावर धाडत्यात, तितं निस्तं सरकारी लागतं. वरच्या वर्गातल्या पोरी सांगत हुत्या."

कारण सरळ होतं. आज लिहिताना तर ते इतकं सरळ दिसतं की माझी मलाच लाज वाटते. पण त्या दिवशी मला त्यातला एकच शब्द ऐकू आला: दोन. एक नंबर घरच्यांसाठी. मग दुसरा कुणासाठी? आमच्या कारखान्यात दोन सिमचे फोन ज्यांच्याकडे होते त्यांचे प्रताप मला ठाऊक होते. एक जण बायकोला एक नंबर आणि दुसरीला दुसरा देऊन बसला होता आणि जेवणाच्या सुट्टीत त्याची फुशारकी मारायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तर तोंडही पोळलं नव्हतं, दुसऱ्याचं पोळलेलं बघूनच मी फुंकत होतो. "बघू," एवढंच मी म्हणालो, आणि वहीत ते लिहिलं नाही. तिने वहीकडे पाहिलं. 

दुकानदार तिशीतला, गोड बोलणारा माणूस होता. गोड बोलणाऱ्याकडे मी आधीच तिरका बघतो. त्याने पहिल्याच झटक्यात एक लांबरुंद फोन काढला. वर अँटेना, बाजूला पडद्यावर टेकवायची काडी, पाठीला चार भोंगे.

"साहेब, टीव्ही आहे, टच आहे, पाच मेगापिक्सेल, आठ जीबी, महिनाभर बॅटरी. दोन सिम. तेवीसशेला देतो."

"आठ जीबी कुठाय?"

"म्हणजे कार्ड टाकायचं. आठपर्यंत चालतं."

"म्हणजे न्हाई."

तो हसला. मी फोन हातात घेऊन दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. पडद्यावर पाटी दिसली, अक्षरं मोठी करून पाहिली तर नुसते चौकोन. आकडा फुगवला होता; भिंग साधं होतं आणि फोटो आतल्या आत ताणून मोठा केला होता. मग मागचं झाकण काढलं. बॅटरीवर छापलं होतं अडतीसशे. माझ्या खिशातल्या नावाजलेल्या कंपनीच्या फोनची बॅटरी काढून मी शेजारी ठेवली. लांबी, रुंदी, जाडी जवळजवळ तीच, आणि त्या बिचारीवर छापलेलं होतं एक हजार वीस. एवढ्याशा डबीत पावणेचार पट वीज मावते, हे त्या कारखानदाराने मला समोर बसून समजावून सांगायला हवं होतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

शेवटी मी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं. प्रत्येक फोनचा स्वतःचा पंधरा आकडी नंबर असतो, तो असं दाबल्यावर पडद्यावर येतो. तोच बॅटरीखाली आणि तोच खोक्यावर असायला हवा. इथे पडद्यावर एक होता आणि खोक्यावर दुसरा. खऱ्या नंबराशिवायचे फोन सरकार बंद करणार अशी तेव्हा सगळीकडे बोलवा होती. मी तिन्ही जागा दुकानदाराला बोटाने दाखवल्या.

"हा उद्या बंद पडला तर तुमी पैसं देनार का?"

"तुम्ही फोन घ्यायला आलाय की पंचनामा करायला?" तो म्हणाला, पण फोन काचेखाली गेला. बहीण गालातल्या गालात हसली. मला चांगलंच स्फुरण चढलं.

मग मी एकेक खोकं उघडायला लावलं. रेडिओ होता, पण इअरफोनची वायर जोडल्याशिवाय वाजत नव्हता, कारण तीच त्याची अँटेना. "टॉकटाइम इतके तास", पण त्याच्या आधी बारीक अक्षरांत "पर्यंत". माझं सिम घालून मी रस्त्यावर गेलो, ट्रकच्या आवाजात स्वतःच्या खोलीमालकाला फोन लावला, आणि तो ओरडून "कोण? कोण?" करू लागला की तो फोन परत. दुकानात उभं राहून बोलणं ही काही परीक्षा नव्हे. टॉवर तिथे समोरच्याच गच्चीवर होता, तिथे कुठलाही फोन बोलणारच.

दुकानदाराचा घाम निघाला तेव्हा त्याने आतून एक साधं काळं खोकं आणलं. "हा घ्या. यात तुम्हाला काही सापडलं तर मी दुकान बंद करतो."

ठोकळा फोन. बटणं मोठी. दोन सिम. मी पंधरा आकडी नंबर तपासला; दोन सिमचे दोन नंबर, दोन्ही पडद्यावर, दोन्ही बॅटरीखाली, दोन्ही खोक्यावर, अंक न अंक जुळत होता. बॅटरीवर एक हजार, आणि आकारही हजाराचाच. मी रस्त्यावरून बोललेलं प्रत्येक वाक्य खोलीमालकाने ऐकलं आणि वर "आता काय, फोनवरच राहायचं का?" असंही विचारलं. एक वर्षाची हमी, पुण्यात दुरुस्ती केंद्र. टॉर्च, गजर, रेडिओ. चोवीसशे.

बहीण माझ्याकडे बघत होती. मी खूप वेळ तो फोन उलटासुलटा करत राहिलो. खरं सांगायचं तर मला त्यात काही सापडलं नाही. आणि काही सापडत नाही याचाच मला राग आला.

"दोन सिम एकदम चालू राहिली की बॅटरी जास्त खाणार," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. दोन टॉवर सांभाळायचे तर थोडी जास्त खातेच. पण ते माझं कारण नव्हतं. मी खऱ्या गोष्टीच्या आड उभा राहून मनातली गोष्ट लपवली, जे पुरवठादार माझ्यासमोर रोज करायचे आणि ज्यासाठी मी त्यांना रोज पकडायचो.

"खातीय तेवडी खाऊ दे की दादा," ती हळूच म्हणाली. "दिवसाआड लावीन चार्जिंगला."

"एकच पुरं."

मग त्याच्याच शेजारचा, एका सिमचा, तसाच भक्कम फोन घेतला. तोही मी सगळीकडून तपासला आणि तोही चोख निघाला. वर पैसे वाचले, त्यातून तिला खाजगी सिम घेऊन रिचार्ज मारून दिला. बिलावर दुकानाचा शिक्का घेतला, खोक्यावरचा नंबर बिलावर लिहून घेतला. आबांना टाकीपाशी फोन करून सांगितलं, "लई बेस फोन मिळाला." आबांना माझा अभिमान वाटला असणार, कारण त्यांनी ते आईला तिथूनच ओरडून सांगितलं.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. दिवस मावळला की तिचा फोन. कधी आबांचा घसा बसायचा, कधी टाकीपाशी पावसात छत्री उलटायची, पण फोन चुकला नाही. मी कारखान्यात मित्रांना सांगायचो की खोक्यावर जाऊ नका, गरज बघा. दोघातिघांना तर मी फोन निवडूनही दिले. उंटावरच्या शहाण्याला खालचं कधी दिसतं का?

मग तिला महिनाभरासाठी मुठा गावाच्या पुढच्या एका उपकेंद्रावर पाठवलं. पहिल्या दिवशी फोन नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आबा भऱ्याला माझ्या दारात उभे. डोक्याला मफलर, हातात रिकामी पिशवी.

"चल," म्हणाले. "पेटी आणायची."

मी सुट्टी टाकली, आबांना मोटरसायकलवर मागे बसवलं आणि निघालो.  वाटेत माझ्या मनात भलतंच चाललं होतं. वसतिगृहापासून लांब गेली आणि लगेच फोन बंद. बरोबर. मला आधीच वास आला होता. काळजी वाटत होती, हे खोटं नाही. पण काळजीच्या बरोबरीने आपण खरे ठरणार याचा एक कडू आनंदही वाटत होता. तो आनंद मला अजून आठवतो आणि अजून माफ करता येत नाही.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि ओटा. तिथे तिची सोबतीण एकटीच होती, रजिस्टरात काहीतरी लिहीत. बहीण वस्तीवर लसीकरणाला गेली होती, तासाभरात येणार होती. म्हणजे ती धडधाकट होती. आबा ओट्यावर टेकले, गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी एक मोठा श्वास सोडला, आणि मग उठून आत जाऊन सरळ तिची पेटी भरायला लागले. अट म्हणजे अट. ती मुलगी बावरून बघत राहिली.

मी तिचा फोन शोधला. तो खिडकीत पडलेला होता, चालू होता, आणि पडद्यावर लिहिलं होतं की सिम घाला. बाजूला तिच्या कंपासपेटीत कागदाच्या पुडीत दोन सिम गुंडाळलेली. एक मी घेऊन दिलेलं. दुसरं मी कधी पाहिलेलं नव्हतं.

"हे कुनाचं?" मी त्या मुलीला विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तिचंच आहे."

"ते कळतंय मला. कुनासाटी घेतलंय?"

तिने रजिस्टरात मान घातली.  मी ओट्यावर आलो, माझ्या फोनचं मागचं झाकण काढलं, माझं सिम बाजूला ठेवलं आणि ते दुसरं आत सारलं. रेंजच्या काड्या वर चढल्या. सरकारी कंपनीचं नाव आलं. मी सिममध्ये साठवलेले नंबर उघडले. बघूच कोण आहे तो, आणि बघताक्षणी त्याला लावायचा फोन, असं मी ठरवलंच होतं.

नंबर दोनच होते. इंग्रजी अक्षरांत एक 'दादा'. दुसरा 'घर'.

मी पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. दोनच होते.

तेवढ्यात ती आली. खांद्याला लसीची पेटी, चपला चिखलाने माखलेल्या. आबांना पाहून तिचा चेहरा उतरला, आणि माझ्या हातातला उघडा फोन पाहून तिला बाकीचं कळलं. ती आमच्याशी भांडली नाही. जे झालं ते एका दमात सांगितलं. इथे खाजगी सिम चालत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने सरकारी सिम आधीच स्वतः घेऊन ठेवलं होतं. शनिवारी गावी येताना घाटात ते घालायची, वसतिगृहात परतल्यावर काढायची. दर आठवड्याच्या त्या काढघालीने सिमवरची पत्र्याची पट्टी सैल झाली होती, आणि इथे आल्याच्या दिवशी आतल्या पिना वाकल्या. आता कुठलंच सिम लागत नव्हतं. सोबतिणीचा फोन एकाच खाजगी कंपनीला बांधलेला, त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालायची सोयच नव्हती आणि त्याला इथे रेंज नव्हती. उपकेंद्राच्या नर्सबाई ट्रेनिंगला गेलेल्या. दोन्ही दिवस दुपारी तिने अंगणवाडीच्या बाईंचा फोन मागून घेतला होता. दुपारी आबा शेतात, रेंजच्या बाहेर. आणि मी कारखान्यात. आमचे फोन बंद करून गेटवर जमा करावे लागत. संध्याकाळी अंगणवाडीच्या बाई ओढ्यापलीकडे आपल्या घरी, तिथे रेंज नाही.

"मी सांगितलं हुतं दादाला," ती आबांना म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. "दोन सिमचा पायजे म्हनून. का पायजे तेबी सांगितलं हुतं."

आबांच्या हातात तिचा घडी केलेला गणवेश होता. ते माझ्याकडे वळले. "व्हय रं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग घेतला का न्हाईस? पैसं कमी पडलं?"

"न्हाई."

"फोन वाईट हुता?"

"न्हाई आबा. फोन चांगला हुता." मग मला सांगावंच लागलं. "मला हिचाच भरवसा वाटला न्हाई."

आबा आत गेले. त्यांनी गणवेश परत खुंटीला लावला, पेटीतलं एकेक बाहेर काढून होतं तिथे ठेवलं. त्यांना गणवेश, टॉवेल, वह्या कशाच्या कुठे होत्या ते नीट आठवत नव्हतं, ती सोबतीण हळूच दाखवत होती. सगळं लागल्यावर ते म्हणाले, "पेटी हिची भरायची न्हवती. चुकलं माजं."

माझं त्यांनी काही काढलं नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझा फोन मी तिथेच तिला देऊन टाकला. दिवस मावळताना तिने त्यावरून टाकीपाशी उभ्या असलेल्या आईला फोन लावला. आबा निघताना आपला फोन आईपाशी ठेवून आले होते. "आबा हितंच हायेत," ती म्हणाली, "दादाबी हाय. न्हाई गं, काय न्हाई झालं. फोन बिघडला हुता." एवढंच. जे घडलं ते तिने आईला तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही.

महिना संपल्यावर मी तिला परत पौडच्या त्या दुकानात घेऊन गेलो. या वेळचे पैसे माझे. दुकानदाराने मला बघून कपाळाला हात लावला आणि न सांगता तेच काळं खोकं काढून ठेवलं. मी बॅटरी काढली नाही, नंबर दाबले नाहीत, रस्त्यावरही गेलो नाही. खोकं तिच्यापुढे सरकवलं.

"तू बघ," म्हणालो. "तुला काय काय पायजे ते सांग. आजून दुसरा कुटला आवडला तर तोबी बघू."

तिने खोक्याला हात लावला नाही.

"तू म्हनशील तो, दादा," ती म्हणाली.

तो फोन तिने शिक्षण संपेपर्यंत वापरला, पहिली नोकरी लागली तेव्हाही तोच होता. संध्याकाळचा फोन कधी चुकला नाही. पुढे तिने खोली बदलली, नोकरी बदलली, एक ठरत आलेलं लग्न मोडलं. प्रत्येक वेळी मला कळवलं, एका वाक्यात, जे ठरलं तेवढंच. का, ते मी विचारतो. ती म्हणते, "काय न्हाई दादा, असंच." मला कारण सांगायचं तिने सोडून दिलं आहे.